चष्मा काढा, केस लावा, स्थळ पाठवा

चिरंजीवांचं वय चौतीस, चष्म्याचा नंबर उणे पाच आणि केस फक्त कानांच्या आसपास उरलेले, अशी परिस्थिती असेल तर अजिबात घाबरू नका. चिरंजीवांपेक्षा फोटो दुरुस्त करणं स्वस्त पडतं.

आधी चष्मा काढा. फ्रेम पुसणं सोपं असतं, शेजारची कातडी उचलून वर थापली की झालं. खरी गोम काचेत आहे. उणे नंबराच्या काचेतून डोळे बारीक दिसतात आणि काचेच्या आतली गालाची कड आत सरकलेली दिसते. तेव्हा डोळे जरा मोठे करून घ्या, गाल बाहेर ओढून घ्या. नाकावरचे दोन वळ विसरू नका. मुलीची आत्या फोटो दोन बोटांनी ताणून नेमके तेच शोधत असते.

मग केस. कुणाचेही चालतील, फक्त उजेडाची दिशा जुळू द्या. चेहऱ्यावर ऊन डावीकडून आणि केसांवर उजवीकडून पडलं, तर त्या घरात दोन सूर्य उगवतात असा समज होतो. कपाळावर केसांची सावलीही हवी, नाहीतर टोप वाटतो. रंग उजळायचाच असेल तर कान, मान आणि हातही उजळा. बरेच पालक हात विसरतात आणि मुलगा दोन घराण्यांचा दिसतो. खांदे रुंद करणार असाल तर मागे दार नको. खांद्याबरोबर चौकटही वाकते आणि वास्तुशास्त्राचा नवाच प्रश्न उभा राहतो.

आता कांदेपोहे. फोटोत चष्मा नाही, म्हणजे तिथेही नको. उणे पाचवाल्याला वीतभर अंतरापलीकडचं सगळं धूसर दिसतं, त्यामुळे चिरंजीवांना बशीतले पोहे स्पष्ट दिसतील, मुलगी दिसणार नाही. आमच्या ओळखीतल्या एका वराने मुलीच्या काकूंनाच विचारलं, "तुमचं शिक्षण कुठवर झालंय?" काकूंनी शांतपणे सांगितलं, "जुनी अकरावी. आणि तुमचे केस कुठवर होते?"

तरीही जमलंच, तर लग्नात फेटा आहे. सत्यनारायणाला काय करायचं ते मात्र आत्ताच ठरवा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बारावं कलम आहे. महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणुकीने संमती मिळवली असेल, तर ते लग्न रद्द करून मागता येतं आणि फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. टक्कल महत्त्वाच्या गोष्टीत बसतं की नाही, यावर तुमचा वकील आणि त्यांचा वकील निवांत बोलतील. तुम्ही तोवर चिरंजीवांचा फेटा तेवढा उतरू देऊ नका.

आणि हो, लग्नाचा अल्बमही त्याच स्टुडिओला द्या. नवरदेवाचा जुना चेहरा त्यांच्याकडेच आहे.