रायटिंगचा बँड पुन्हा तपासून हवाय? मग ईमेल असा लिहा

आयईएल्ट्सचा निकाल लागला की माझ्याकडे ईमेलचे मसुदे यायला लागतात. "सर, जरा बघा ना, असं पाठवलं तर चालेल का?" इंग्रजी लेखन शिकवतो, त्यामुळे आनंदाने बघतो. पण त्यातले बहुतेक मसुदे वाचून जीव तुटतो. वडिलांनी काढलेलं कर्ज, रखडलेली फाईल, रात्र रात्र केलेला अभ्यास. सगळं खरं असतं, पण पुनर्तपासणीला त्यातलं काहीच उपयोगाचं नसतं.

अर्ध्या बँडसाठी मुलं एवढी कासावीस का होतात, ते मला नीट समजतं. कॅनडात स्थायिक व्हायला जिथे गुणांवर निवड होते, त्या एक्स्प्रेस एन्ट्रीचंच बघा. तिथे भाषेची सीएलबी ९ ही पातळी गाठायला लिसनिंगमध्ये ८ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात. बाकी सगळं जमलं आणि रायटिंग ६.५ वर अडकलं, तर एकट्या अर्जदाराचे भाषेचे ८ गुण जातात. शिवाय मास्टर्स आणि कॅनडाबाहेरचा तीन वर्षांचा अनुभव असेल, तर भाषेशी जोडून त्यांचे जे गुण मिळतात त्यातले प्रत्येकी २५ जातात. म्हणजे अर्ध्या बँडपायी ५८ गुण! तेव्हा पुन्हा तपासून मागण्यात संकोच कसला? तो तुमचा हक्क आहे आणि त्याची रीतसर सोय आहे. फी भरावी लागते, बँड बदलला तर ती परत मिळते.

ही तपासणी होते कशी, ते आधी समजून घ्या. वरिष्ठ परीक्षक तुमचं लेखन नव्याने तपासतो आणि आधी किती बँड दिला होता हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे तुमच्या ईमेलने तो विरघळणार नाही. ईमेल वाचतात केंद्रातली माणसं. त्यांना काय हवं, तर तुमची ओळख पटावी आणि मागणी एका वाचनात कळावी. मग कारणं लिहायचीच कशाला? माझ्या मते ती सर्वांत आधी तुमच्यासाठीच असतात. मुद्देसूद कारणं मांडता येत नसतील, तर फी भरण्याआधी थांबावं.

कारणं मांडायची ती परीक्षक ज्या चार निकषांवर तपासतात त्यांनाच धरून: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीतली सलगता, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. दुसऱ्या टास्कचं वजन पहिल्याच्या दुप्पट असतं, म्हणून भर तिथे द्या. अडचण अशी की लिहिलेलं उत्तर तुम्हाला परत बघायला मिळत नाही आणि निकालपत्रावर निकषवार गुणही नसतात. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, परीक्षा झाली त्याच संध्याकाळी आठवेल तेवढं उतरवून काढा: आपण कोणती बाजू घेतली, कोणत्या परिच्छेदात काय लिहिलं, पडद्यावर शब्दसंख्या किती दिसत होती.

समजा, एखादीला लिसनिंग ८.५, रीडिंग ८, स्पीकिंग ७.५ आणि रायटिंग ६.५ मिळालेत. तिचा ईमेल अर्थात इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा असावा:

"महोदय/महोदया, मी अमुक तारखेला जनरल ट्रेनिंग परीक्षा दिली. उमेदवार क्रमांक आणि निकालपत्राचा क्रमांक खाली दिला आहे. फक्त रायटिंग विभागाची पुनर्तपासणी व्हावी, ही विनंती. पहिल्या टास्कमधल्या पत्रात विचारलेल्या तिन्ही मुद्द्यांना मी स्वतंत्र परिच्छेद दिला होता. दुसऱ्या टास्कमध्ये दोन्ही मतांची चर्चा करून स्वतःचं मत सुरुवातीला आणि शेवटी स्पष्ट मांडलं होतं. दोन्ही उत्तरं किमान शब्दमर्यादेच्या वर होती. इतर विभागांच्या तुलनेत हा बँड बराच कमी वाटतो. परीक्षकांच्या निर्णयाचा आदर आहेच. फी आणि अर्जाची पद्धत कृपया कळवावी."

बस, एवढंच. 'अन्याय', 'चूक', 'धक्का' असे शब्द नकोत. "क्लासच्या सराव परीक्षेत मला नेहमी ७.५ पडायचे" हेही नको, कारण ते तपासलेले वेगळ्याच कोणीतरी असतात. इतर विभागांशी तुलनासुद्धा फरक दीड-दोन बँडांचा असेल तरच करा. रीडिंगपेक्षा रायटिंग अर्ध्या बँडने कमी येणं अगदी नेहमीचं आहे.

आणि कीबोर्ड अडकत होता, हॉलमध्ये गोंगाट होता, हे या ईमेलमध्ये घालू नका. ती तक्रार वेगळी आणि ती त्याच दिवशी, केंद्र सोडण्याआधी पर्यवेक्षकांकडे नोंदवायची असते. नव्याने तपासणाऱ्याला फक्त कागदावर किंवा पडद्यावर उतरलेलं दिसतं, त्या गोंगाटाचे गुण तो कुठून देणार?

मुदत सहा आठवड्यांची आहे आणि ती परीक्षेच्या तारखेपासून मोजतात, निकालाच्या नाही. उत्तर यायला तीन आठवड्यांपर्यंत लागू शकतात. पुढच्या अर्जाची तारीख जवळ असेल, तर निकाल लागला त्याच आठवड्यात ईमेल पाठवा आणि केंद्राने फॉर्म किंवा लिंक दिली की तीही लगेच भरा. नुसत्या ईमेलवर तपासणी सुरू होत नाही.