पाझर 'नेहमीप्रमाणे' आहे

ठाण्याच्या कचेरीतून शहापूरकडचं मातीचं धरण तपासायला निघाला असाल, तर उगाच धावपळ करू नका. माजिवडा आणि भिवंडी बायपासची कोंडी पार करेपर्यंत बारा वाजतात, आणि भर उन्हात पायथ्याशी उतरणं तब्येतीला बरं नाही. जीप धरणमाथ्यावर उभी करा, वाकून बघा आणि लिहा, 'पाझर नेहमीप्रमाणे.' मागच्या अहवालात हेच लिहिलंय, म्हणजे आधारही मिळाला.

चौकीदार फारच मागे लागला, "साहेब, खाली चला, पाणी वाढलंय", तर जा बापडे. पाझर मोजायच्या नाल्यात नव्वद अंशांची व्ही-नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच असते. मागच्या वर्षी तिच्यावर ७ सेंटीमीटर पाणी होतं, आता १० आहे. पेरभर वाढलं, एवढंच! हिशेब मात्र करू नका. या खाचेतला प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताने वाढतो. ७ ला सेकंदाला साधारण १.८ लिटर, १० ला ४.४. म्हणजे जवळजवळ अडीच पट. तलाव दोन्ही वर्षी सारखाच भरला होता ही आणखी एक अडचण. त्यावर उपाय म्हणजे तलावपातळीचा रकाना कोरा ठेवा. वाचणाऱ्याला वाटेल, यंदा पाऊस चांगला झाला.

आता माथ्यावर या. विमोचकाच्या, म्हणजे धरणाच्या पोटातून पाणी सोडायच्या वाटेच्या, बरोबर वर पाण्याचं डबकं साचलंय, कडेच्या दगडांची सरळ रांग तिथेच वाकलीय. लिहा, 'माती नवीन असताना बसतेच.' धरण तीस वर्षांचं आहे हे पहिल्या पानावर असतं, तिथे परत कोण जातो? दोन ट्रॉली मुरूम टाकून खड्डा बुजवला की पुढच्या वर्षी किती खचलं हे मोजायचा प्रश्नच मिटतो.

फक्त एक पथ्य पाळा. गळती चौथ्या पानावर आणि खचणं अकराव्या पानावर लिहा. दोन्ही शेजारी आली की एखाद्या चौकस माणसाला शंका येते, की विमोचकाच्या कडेने माती आतून वाहून जात असावी, खाली निघते तीच वरून कमी होतेय. मग तो तलाव उतरवा म्हणेल, रोज नोंदी घ्या म्हणेल, पाणी फुटतं तिथे वाळू-खडीची गाळणी घाला म्हणेल. त्यापेक्षा चिकणमातीचा बोळा कोंबा. पाणी दिसायचं थांबतं. आत दाब वाढतो, पण तो कुठे दिसतो?

शिफारशीत 'निरीक्षण चालू ठेवावे' पुरे. कारण म्हणून खेकडे मात्र लिहू नका, ते २०१९ मध्ये तिवऱ्याचं धरण फुटलं तेव्हा वापरून झालेत.

चौकीदाराने सकाळी खाचेखालचं पाणी काचेच्या बाटलीत भरून तुमच्या टेबलावर ठेवलंय. एव्हाना वरचं पाणी नितळलंय आणि तळाशी बोटभर पिवळा गाळ बसलाय. ती बाटली जरा बाजूला सरकवा, सहीला जागा लागेल.