सत्तरात बसवा, ताई

शेतकऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांना मोबाइलवर एसेमेसने उत्तरं पाठवणं हे माझं काम. सल्ला तज्ज्ञ सर देतात, तो सत्तर अक्षरांत मी बसवते. इंग्रजी एसेमेसला १६० अक्षरं मिळतात, मराठीला ७०. कारण एका मेसेजची पोतडी १४० बाइटची. इंग्रजी अक्षर सात बिटांत मावतं, आपलं सोळा बिटं अडवून बसतं.

त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, एवढंच काय, पाय मोडलेला हलन्तसुद्धा वेगळा मोजतात. 'पांढऱ्या' डोळ्यांना तीन अक्षरी दिसतो, मोजणीत आठ भरतो. 'क्षेत्र' दोन अक्षरांचं, हिशेबात सात. मराठीत जोडाक्षरं कोणी आणली ते सापडलं तर बरं होईल.

परवाचा प्रश्न: सोयाबीनवर पिवळा मोझॅक आलाय, काय करू? सर सुरू झाले. हा विषाणूजन्य रोग, झाडाला झाला की बरं करणारं औषध नाही, पांढरी माशी तो पसरवते, तेव्हा माशी आवरायची. मी म्हटलं, "सर, एवढं सांगायला तुम्हाला गावीच जावं लागेल." मग सरांनी आटोपतं घेतलं आणि मी लिहिलं:

"पिवळा मोझॅक पांढऱ्या माशीमुळे पसरतो. रोगट झाडे उपटून नष्ट करा. पिवळे चिकट सापळे लावा."

८५! म्हणजे दोन मेसेज आणि दोनांचे पैसे. शिवाय मेसेज जोडून पाठवले तर जोडणीची माहितीच तीन अक्षरांची जागा खाते, प्रत्येकात ६७ च उरतात.

रोमन लिपीत लिहावं तर १६० मिळतील खरे, पण 'झाडे उपटून गाडा' म्हणावं तर तिथे 'गाडा' आणि 'गदा' सारखेच. शेतकरी झाडे उपटून गदा शोधत बसायचा.

कात्री घेतली. रोगाचं नाव उडवलं, ते तर त्यानेच कळवलं होतं. 'नष्ट करा'ची आठ अक्षरं जाऊन 'गाडा'ची चार आली. पहिलं वाक्य कापून माशी शेवटच्या वाक्यात सरकवली:

"रोगट झाडे उपटून गाडा. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा."

६२! आठ अक्षरं शिल्लक. असा पगारही कधी उरला नाही. मी बटण दाबणार तोच मागून सर म्हणाले, "ताई, नमस्कार तरी घाला. शेतकरी आहे, एकदम 'उपटून गाडा' काय?"

'नमस्कार' सात, पुढची मोकळी जागा एक. बरोब्बर ७०. मात्र स्वल्पविरामाला जागा नाही, तो घातला की ७१, म्हणजे पुन्हा दोन मेसेज. सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवून मोठ्याने वाचलं, "नमस्कार रोगट झाडे..."

"ताई, हा नमस्कार कोणाला?"

"सर, एका मेसेजच्या पैशांत झाडांनाच होतो. शेतकऱ्याला हवा असेल तर मंजुरी काढा."

सरांनी मंजुरीचा अर्ज मागवला. तो इंग्रजीत आहे आणि त्याला शब्दमर्यादा नाही.