शिल्लक ७ तास की ११?

लेकीची गणिताची ऑनलाइन शिकवणी महिन्याच्या मध्यावर बंद केली. शिकवणीत खोट नव्हती. तिच्या शाळेची वेळ बदलली आणि संध्याकाळी ती लॅपटॉपसमोर बसायची तेव्हा निम्मी झोपेत असायची. समोरच्या मॅडमनीच एकदा मला सांगितलं, "हिला आत्ता अपूर्णांक नकोत, झोप हवीय." झालं, थांबवलं.

पण महिन्याचं २० तासांचं पॅकेज होतं आणि पैसे आधीच भरलेले होते. म्हटलं, उरलेल्या तासांचे पैसे परत मागू, त्यात काय एवढं. ते 'एवढं' तीन आठवडे चाललं. त्या तीन आठवड्यांत माझं एक मत पक्कं झालं आणि एक मत चक्क उलटं फिरलं, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

हिशेब सोपा राहावा म्हणून पॅकेजचे १०० भरले असं समजा. २० तासांचे १००, म्हणजे तासाला ५.

मी ॲप उघडलं तेव्हा वर मोठ्या अक्षरांत होतं, 'शिल्लक ७ तास'. सात पंचे पस्तीस, असं मनात म्हणत मी 'पॅकेज रद्द करा'वर बोट नेलं. तेवढ्यात नवऱ्याने विचारलं, "सातच कसे? तिने तेरा तास केलेत?" मी वहीत मोजलं. दहाच झाले होते.

उरलेले तीन गेले कुठे, हे शोधायला मला अर्धा तास लागला. ते तीन तास पुढच्या आठवड्यात बुक केलेले होते. ॲपच्या लेखी बुक केलेला तास म्हणजे वापरलेला तास, मग तो व्हायचा असला तरी. मी तसंच रद्द केलं असतं, तर न झालेले तीन तास माझ्या नावावर झालेले म्हणून लागले असते. त्यामुळे आधी ते तिन्ही सेशन एकेक करून सोडवले. इथे २४ तासांची अट होती: सेशनच्या २४ तास आधी सोडलं तर तास परत, नंतर सोडलं तर गेला. माझं सगळ्यात जवळचं सेशन दोन दिवसांवर होतं, म्हणून वाचले. शिल्लक १० झाली.

मग झालेले दहा तास नीट तपासले. प्रत्येक सेशनपुढे सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ असते, ती कोणी बघत नाही. एक सेशन २० मिनिटांत संपलेलं होतं, कारण मॅडमचं नेट गेलं आणि त्या परत येऊ शकल्या नाहीत. तरी कापला होता पूर्ण तास. दुसऱ्या एका सेशनपुढे शेरा होता 'विद्यार्थी अनुपस्थित'. तो दिवस मला चांगला आठवतो. लेक वेळेवर बसली होती, मॅडम आल्या नाहीत, आठ मिनिटं वाट बघून ती उठली. मॅडम दहाव्या मिनिटाला आल्या. अटींमध्ये लिहिलं होतं की शिक्षक उशिरा आले तर विद्यार्थ्याने १५ मिनिटं थांबायचं. म्हणजे नियमाने आम्हीच अनुपस्थित.

पहिला तास त्यांनी एका मेलवर परत दिला. दुसरा दिला नाही. शिल्लक ११, झालेले ९.

आता मी छाती पुढे काढून लिहिलं: ११ तास गुणिले ५, माझे ५५ परत करा.

उत्तर आलं: तुमचे ४६ होतात.

मी भडकले. थेट लूट आहे असं वाटलं आणि तसं एक खरमरीत पत्र लिहूनही ठेवलं (पाठवलं नाही, थोडक्यात वाचले). मग शांतपणे विचारलं की ४६ कसे ते मांडून दाखवा. त्यांनी दाखवलं. एक-एक तास सुटा घेतला तर त्यांचा दर तासाला ६ आहे. २० तास एकदम घेतले म्हणून ५ लावला. मी २० घेतलेच नाहीत, ९ घेतले. मग ९ तास सुट्या दराने, ९ गुणिले ६, ५४. शंभरातून ५४ गेले, उरले ४६.

इथेच माझं मत फिरलं. सवलत होती ती जास्त तास घेण्याबद्दल. मी ते घेतले नाहीत, तर सवलत माझ्याकडे राहावी असा हट्ट का धरायचा? मॅडमनी आमच्यासाठी महिनाभराच्या वेळा राखून ठेवल्या होत्या, त्या वेळा दुसऱ्या कुणाला दिल्या नव्हत्या. सुट्या दराने हिशेब लावणं यात मला आता काही वावगं वाटत नाही. अनेक जण मला म्हणाले, "भांड, ५५ सोडू नकोस." मी सोडले.

माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. हा हिशेब पैसे भरायच्या पानावर कुठेच नव्हता. तिथे लिहिलं होतं 'न वापरलेल्या तासांचा परतावा मिळेल', एवढंच. हे वाक्य वाचून कुणीही पाचाने गुणणार. सुटा दर लावणार हे चौथ्या की पाचव्या पानावरच्या अटींत, एका लांब वाक्याच्या शेपटीत. ज्या हिशेबाने पैसे कापणार तो हिशेब पैसे घेताना दाखवायला हवा. तो न दाखवता 'परतावा मिळेल' म्हणणं हे खोटं नाही, पण प्रामाणिकही नाही.

या पद्धतीची एक गंमत, जी मला आधी कुणी सांगायला हवी होती. तासाला ६ लावत गेलं की शंभर किती तासांत संपतात? सोळा तासांचे ९६, सतरा तासांचे १०२. म्हणजे सतरावा तास झाला की तुमचे तीन तास शिल्लक असले तरी परत यायचे काहीच नाहीत. सोळा झाल्यावर थांबलात तर चार तास सोडून हातात ४ येणार, म्हणजे राखून ठेवलेला तास १ ला विकल्यासारखा. अशा वेळी रद्द करण्यात काही अर्थ नाही, ते तास सरळ बसून घेऊन टाकावेत, परीक्षेच्या शंका विचाराव्यात. उलट नववा-दहावा तास चालू असताना थांबायचं नक्की झालं असेल, तर 'हा एक आठवडा होऊन जाऊ दे' म्हणू नका. पुढचा प्रत्येक तास परताव्यातून ५ नाही, ६ खातो. आमच्याच बाबतीत, मी पहिल्या दिवशी डोळे झाकून ते बटण दाबलं असतं तर १३ तास लागले असते, १३ सक ७८, आणि हातात २२ पडले असते. २२ आणि ४६ यांतला फरक कुणाशी भांडून मिळालेला नाही. तो तीन बुकिंगं सोडवल्यामुळे आणि एका सेशनची वेळ तपासल्यामुळे मिळाला.

बोनस तास मिळाले असतील तर तेही आधीच विचारून घ्या. माझ्या मैत्रिणीला 'दोन तास मोफत' मिळाले होते. ती समजत होती की आधी झाले ते मोफतचे. ॲपच्या हिशेबात मोफतचे तास सगळ्यात शेवटी वापरले जातात आणि त्यांचे पैसे कधीच मिळत नाहीत.

दोन गोष्टींत मी जवळजवळ फसले होते. पॅकेज रद्द करणं आणि पुढच्या महिन्याचं आपोआप होणारं नूतनीकरण बंद करणं ही दोन वेगळी बटणं असतात. मी पहिलं दाबून निर्धास्त होते. परतावा तपासणीत असतानाच तीन दिवसांनी नवीन महिन्याचे पैसे कापले जाणार होते, आणि मग जुना परतावा मागायचा की नवीन रक्कम, हा गोंधळ कुणाला निस्तरता आला असता देव जाणे. नूतनीकरण आधी बंद करा. आणि ज्यांनी फोनच्या ॲप स्टोअरमधून पैसे भरलेत त्यांना ते स्टोअरमध्येच बंद करावं लागतं. शिकवणीवाल्यांच्या हातात ते नसतं, परतावाही बहुधा स्टोअरकडेच मागावा लागतो.

दुसरं म्हणजे परताव्याच्या पानावर दोन पर्याय होते, 'वॉलेट क्रेडिट' आणि 'मूळ खात्यात'. पहिल्यावर आधीच टिकमार्क होता. क्रेडिट म्हणजे त्यांच्याकडेच पुढे वापरायचे तास, तेही मुदतीचे. ते पैसे नव्हेत.

खातं बंद करायच्या आधी सेशनची पूर्ण यादी, वेळांसकट, स्क्रीनशॉट काढून ठेवा. बंद केल्यावर माझ्या मैत्रिणीला ती यादी दिसेनाशी झाली आणि मग तिच्याकडे फक्त आठवण उरली. आठवणीवर कोण पैसे देतं?

शेवटी मी पाठवलेला मेल चार ओळींचा होता. खरमरीत पत्रापेक्षा तो बरा निघाला, म्हणून देते:

"पॅकेज २० तासांचं. झालेले तास ९, यादी सोबत जोडली आहे. पुढचं एकही सेशन बुक नाही, नूतनीकरण बंद केलं आहे. तुमच्या अटींप्रमाणे सुट्या दराने होणारी रक्कम ४६, ती मूळ कार्डावर परत करावी आणि कधीपर्यंत होईल ते कळवावं."

रक्कम आपण लिहिली की समोरच्याला 'हो' किंवा 'नाही, कारण...' असंच उत्तर द्यावं लागतं. 'माझे उरलेले पैसे द्या' या वाक्याला 'तुमची विनंती तपासली जात आहे' हे उत्तर महिनाभर पुरतं, हे मी स्वानुभवाने सांगते.

त्यातूनही पेमेंट गेटवेचे २ कापले गेले, ते अटींत लिहिलेले होते, म्हणून गप्प बसले. 'परतावा पाठवला' असा मेल आला तरी कार्डावर काही दिसेना. तेव्हा बँकेतल्या बाईंनी सांगितलं की शिकवणीवाल्यांकडून परताव्याचा एआरएन मागून घ्या, २३ अंकी क्रमांक असतो, त्यावरून आम्हाला पैसे कुठे अडकलेत ते शोधता येतं. मागितला, त्याच दिवशी मिळाला. पैसे चौथ्या दिवशी जमा, ४४.

मॅडमना मात्र मी हे सगळं सुरू करायच्या आधीच फोन करून सांगितलं होतं. त्यांच्या वेळा मोकळ्या होणार होत्या आणि ते त्यांना ॲपच्या नोटिफिकेशनवरून कळावं हे मला बरं वाटत नव्हतं. त्या हसल्या, म्हणाल्या, "ताई, त्या आठ मिनिटांच्या दिवशी चूक माझी होती, मी तसं लिहूनही दिलं होतं." म्हणजे लिहून दिलं होतं, तरी तो तास आमच्याच खात्यावर राहिला.

लेकीला हे सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "पण मी होते ना तिथे!"