आजीने दोरा का बांधला?

एका पालकाचा प्रश्न: "गोष्टीतल्या आजीसारखं लाल भोपळ्याचं बी जपून ठेवलं. पेरलं तर फळं वेगळीच आली. माझ्या मुलीने विचारलं, आजी चुकली का?"

आजी नाही चुकली, मधमाशी मधे आली! जवळपास त्याच जातकुळीचा दुसऱ्या वाणाचा भोपळा असणार आणि तिने त्याचे पराग तुमच्या वेलाच्या फुलात आणले असणार. संकर झाला तरी त्या वर्षीचं फळ आईवेलासारखंच दिसतं. फरक बियांत लपलेला असतो, म्हणून फळ बघून कळत नाही. (मूळ बी हायब्रिड असेल, तर मात्र कितीही जपा, फळं वेगळी येणारच.)

उपाय म्हणजे आजीचा दोरा. उद्या उमलणाऱ्या कळीचं टोक आदल्या संध्याकाळी पिवळं पडतं. अशी एक मादी कळी, म्हणजे जिच्या मागे इवलासा भोपळा असतो ती, आणि त्याच वाणाची एक नर कळी दोऱ्याने बांधून टाका, म्हणजे मधमाशी आत शिरणार नाही. सकाळी लवकर नर फूल तोडून पाकळ्या काढा, परागाचा दांडा मादी फुलात हलकेच फिरवा आणि ते मादी फूल पुन्हा बांधा. देठाला रंगीत दोरा अडकवा, नाहीतर हाच भोपळा कोणीतरी भाजीला चिरतं. आमच्याकडे चिरला होता! देठ वाळेपर्यंत फळ वेलावरच राहू द्या, तोडल्यावरही दोन-तीन आठवडे थांबून मगच बी काढा.