आर-स्क्वेअर 1 आला म्हणून अंदाज बरोबर येत नाही

सहा महिन्यांच्या विक्रीवरून पुढच्या महिन्याचा अंदाज एक्सेलमध्ये सरळ रेषेने काढा, असं मी लिहिलं होतं. रेषा आकड्यांच्या किती जवळून जाते ते दाखवणारा आकडा म्हणजे आर-स्क्वेअर, 1 म्हणजे तंतोतंत. त्यावर वाचकाची प्रतिक्रिया: "0.78 आर-स्क्वेअरची सरळ रेषा वापरा म्हणता आणि एका क्लिकवर 1 देणारी वक्र रेषा टाळा म्हणता. हे उलटं नाही का? आणि सहा महिन्यांच्या आकड्यांवर दुकानाचा माल भरायला सांगणं म्हणजे निव्वळ दिशाभूल आहे."

तुमचे दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत. दुसऱ्यात बरंच तथ्य आहे, पहिला मात्र मला अजिबात मान्य नाही. त्याचं कारण तुम्ही स्वतः एक्सेल उघडून पाच मिनिटांत पडताळू शकाल.

A2:A7 मध्ये 1 ते 6 हे महिने लिहा आणि B2:B7 मध्ये एखाद्या वस्तूची विक्री नगांमध्ये लिहा: 100, 108, 104, 115, 111, 120. याचा स्कॅटर चार्ट काढून Trendline मध्ये Polynomial निवडा, Order 5 करा, Forward मध्ये 1 लिहा आणि Display R-squared value on chart वर टिक करा. रेषा सहाही बिंदूंमधून तंतोतंत जाईल आणि आर-स्क्वेअर 1 येईल. आता सातव्या महिन्यासाठी ती कुठे पोचते ते बघा: 343 नग! ज्या वस्तूची विक्री कधी 120 च्या वर गेली नाही, तिचे 343 नग मागवायचे का?

असं का होतं? पाचव्या घाताच्या समीकरणात सहा गुणांक असतात आणि तुमच्याकडे आकडेही सहाच आहेत. त्यामुळे प्रत्येक आकडा हवा तसा बसवता येतो, आणि एखाद्या महिन्यात योगायोगाने झालेली चढउतारही रेषेच्या आकारात मुरते. आर-स्क्वेअर फक्त एवढंच सांगतो की रेषा जुन्या आकड्यांच्या किती जवळून गेली. पुढच्या महिन्याबद्दल तो काहीच बोलत नाही. Order वाढवत गेलं की तो कधीच कमी होत नाही, म्हणून त्याच्यावरून रेषा निवडायची ही पद्धतच चुकीची आहे. खात्री करायची तर सहावा महिना झाकून ठेवा, पहिल्या पाचांवर रेषा काढा आणि सहाव्याचा अंदाज प्रत्यक्ष 120 शी ताडून पाहा. पद्धत निवडायची ती या कसोटीवर.

आता सरळ रेषा. `=FORECAST.LINEAR(7,B2:B7,A2:A7)` सुमारे 122 देतं, म्हणजे दर महिन्याला साधारण साडेतीन नगांची वाढ. पण नुसता 122 घेऊन माल मागवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याच्यासोबत खालचं सूत्र चालवा:

```
=T.INV.2T(0.05,4)*STEYX(B2:B7,A2:A7)*SQRT(1+1/6+(7-AVERAGE(A2:A7))^2/DEVSQ(A2:A7))
```

उत्तर येतं सुमारे 14.6. अंदाजाच्या खाली-वर तेवढी मोकळीक धरली की विक्री 95 टक्के खात्रीने 107 ते 136 च्या दरम्यान राहील, असा हा अंदाज आहे. सूत्रातला STEYX म्हणजे आकडे रेषेपासून साधारण किती दूर पडतात ते, आणि 4 म्हणजे सहा आकड्यांतून रेषेचे दोन गुणांक वजा केले की जे उरतं ते. माझ्या दृष्टीने दुकानदाराच्या खऱ्या कामाचा हाच पट्टा. टिकणारी वस्तू असेल तर 136 च्या जवळ मागवून ठेवायला हरकत नाही, लवकर खराब होणारी असेल तर 107 च्या आसपास थांबावं. हा निर्णय एक्सेल घेऊ शकत नाही, कारण वाया जाणाऱ्या मालाचं नुकसान किती आणि परत गेलेल्या गिऱ्हाइकाचं किती, हे त्याला माहीत नाही.

तुमचा दुसरा मुद्दा इथे खरा ठरतो. वरच्या दोन्ही सूत्रांत सातव्या महिन्याच्या 7 च्या जागी 12 घाला. अंदाज सुमारे 139 होतो आणि पट्टा 114 पासून 163 पर्यंत पसरतो. एवढ्या रुंद पट्ट्यावर कोण माल भरणार? शिवाय रेषा पुढेही सरळच जाईल हे गृहीत धरून काढलेला हा पट्टा आहे. हंगामी चढउतार त्यात नाहीच. वर्षातले ठराविक महिने तेजीचे असतील तर ते ओळखायला निदान दोन वर्षांचे महिनावार आकडे लागतात. सहा महिन्यांत हंगामाची चढण आणि खरी वाढ वेगळी काढताच येत नाही. म्हणून सहा आकड्यांवरून मी फक्त पुढच्या एका महिन्याचं बोलेन, तेही ती वस्तू हंगामी नसेल तरच.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत आली नाही, पण मला ती सगळ्यात जास्त छळते. B स्तंभात आपण विक्री लिहितो, मागणी नाही. समजा सहाव्या महिन्यात 120 नग विकले गेले आणि शेवटचे आठ दिवस फळी रिकामी होती. मग खरी मागणी 120 हून जास्त असणार, पण रेषेला ते कळायला मार्ग नाही. ती कमी अंदाज देते, दुकानदार तेवढाच माल आणतो आणि पुन्हा फळी रिकामी पडते. STEYX सुद्धा हे पकडू शकत नाही, कारण आकडे आपापसांत सुसंगतच दिसतात. त्यावर साधा उपाय म्हणजे C स्तंभात दर महिन्याला माल संपलेला होता ते दिवस लिहायचे. तिथे शून्याहून मोठा आकडा असेल, तर त्या महिन्याची विक्री रेषेत घेण्याआधी माल उपलब्ध असलेल्या दिवसांची रोजची सरासरी काढून ती पूर्ण महिन्याला लावायची. तीस दिवसांच्या महिन्यात बावीस दिवसांत 120 गेले असतील, तर B7 मध्ये 120 ऐवजी 164 येतील आणि मग रेषाही वेगळी येईल, पट्टाही.