पंधरावी चाल पांढऱ्याची की काळ्याची? एका प्रतिक्रियेला उत्तर

आमच्या क्लासमधल्या एका मुलाच्या बुद्धिबळ डावाचा इंजिनने काढलेला आलेख मी वाचून दाखवला होता. पांढरा किती प्याद्यांनी पुढे किंवा मागे आहे हे चालीगणिक सांगणाऱ्या त्या रेघेवरून, सर्वांत मोठी चूक पांढऱ्याची १५वी चाल, असं मी म्हटलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली.

प्रतिक्रिया: "स्क्रीनशॉटवर मीही पट्टी लावून मोजलं. मोठी घसरण काळ्याच्या १५व्या चालीवर येते, तुम्ही पांढऱ्याच्या नावावर टाकलीत. शिवाय पुढे +९ चं +६ झालं, म्हणजे तीन प्याद्यांचा फरक. तो सोडून +१ ते −१.५ हा अडीचचाच फरक तुम्हाला सर्वांत मोठा कसा वाटला? आणि मधल्या त्या बारीक काट्याबद्दल एक अक्षर नाही."

नमस्कार. पट्टी लावून मोजणारा वाचक मिळाला याचाच आनंद जास्त आहे. तिसरा मुद्दा आधीच मान्य करतो. पहिल्या दोन्हींवर मात्र भांडणार.

डाव काळ्याच्या ३८व्या चालीवर संपला, म्हणजे दोघांच्या मिळून ७६ अर्ध्या चाली. तुम्ही आलेखाचं डावं टोक म्हणजे पांढऱ्याची पहिली चाल धरलीत, त्यामुळे बिंदूंच्या मधे ७५ घरं पडली. या आलेखात डावं टोक म्हणजे एकही चाल न झालेला पट आहे, म्हणून घरं ७६. आलेखाची रुंदी ९१२ पिक्सेल, तेव्हा एक घर बरोबर १२ पिक्सेलचं. घसरण जिथे तळाला टेकते तो बिंदू डाव्या टोकापासून ३४८ पिक्सेलवर आहे. ३४८ भागिले १२ म्हणजे २९. विषम आकडा पांढऱ्याचा, म्हणून पांढऱ्याची १५वी. तुमच्या हिशोबाने हेच उत्तर २९.६ येतं आणि तुम्ही ते ३० केलंत. गंमत म्हणजे ही चूक डावीकडे जवळजवळ पूर्ण एका घराची असते आणि उजवीकडे सरकताना विरत जाते. शेवटच्या चाली मोजल्या असत्यात तर आपलं एकमत झालं असतं!

पण पट्टी बाजूला ठेवली तरी तुमचं उत्तर खटकायला हवं होतं. आलेख पांढऱ्याच्या बाजूने काढलेला असतो. इंजिनचं मूल्य दोन्ही बाजू सर्वोत्तम चाली खेळतील असं धरूनच दिलेलं असतं, त्यामुळे स्वतः चाल करून कोणी आपली बाजू त्या मूल्यापेक्षा वर नेऊ शकत नाही. फार तर आहे तिथे टिकवतो. म्हणून रेघ दणकन खाली आली तर चुकला पांढरा, वर गेली तर काळा. पट्टी याच्या उलट सांगत असेल तर मोजणी एका घराने घसरली आहे. इंजिनची खोली कमी असेल तर थोडीफार थरथर दिसते, क्वचित मोठा धक्काही बसतो, पण पहिला संशय मोजणीवरच घ्यावा. आणखी एक, कड्याचा माथा धरू नका. माथा ही चुकीआधीची स्थिती, चूक तळाच्या बिंदूची.

परळच्या आमच्या क्लासमधल्या ज्या मुलाचा हा डाव आहे त्यानेही तेच सांगितलं. १५व्या चालीला त्याने उंटाने h7 वरचं प्यादं मारलं. पुढे राजाने उंट खाल्ला की घोडा g5 वर शह देणार, असा बेत. पण काळ्याचा उंट e7 वर बसून g5 राखत होता. उंट गेला, प्यादं मिळालं, हल्ला उभाच राहिला नाही.

आता तीन मोठे की अडीच. हा आलेख लिचेस या बुद्धिबळाच्या साइटचा आहे आणि त्याची उंची प्याद्यांत नसते, जिंकण्याच्या शक्यतेत असते. सूत्र हे (cp म्हणजे प्याद्याचा शंभरावा भाग):

```
Win% = 50 + 50 * (2 / (1 + exp(-0.00368208 * cp)) - 1)
```

+९ ला हे साधारण ९६.५ टक्के येतं, +६ ला ९०. म्हणजे सहा टक्के गेले, २०० पिक्सेल उंचीच्या आलेखात जेमतेम १३ पिक्सेल. याउलट +१ म्हणजे ५९ टक्के आणि −१.५ म्हणजे ३६.५, तिथे ४५ पिक्सेलचा कडा. एक अख्खा वजीर वर असणाऱ्याने तीन प्यादी गमावली तरी तो जिंकतोच. बरोबरीच्या आसपास अडीच गेली की डाव दुसऱ्याचा होतो. दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपचा आलेख सरळ प्याद्यांत असेल तर तुमचं वाचन आकड्यापुरतं बरोबर ठरेल, म्हणून उभ्या अक्षावर काय आहे ते आधी पाहायचं.

राहिला काटा. तो मी पाहिला आणि डाग समजून सोडला, चूक माझी. तुमच्या प्रतिक्रियेनंतर मोठा करून मोजला. टोक ५२व्या अर्ध्या चालीवर आहे, म्हणजे काळ्याच्या २६व्या. रेघ वर गेली, म्हणून काळा चुकला. लगेच ५३ला खाली, म्हणजे पांढऱ्याने २७व्या चालीला ती संधी पाहिलीच नाही. चुका दोन, पण आधी आणि नंतर रेघ त्याच पातळीवर, म्हणून नजर तिथे थांबत नाही.

त्याच्या उंचीवर मात्र मी काही बोलणार नाही. स्क्रीनशॉट दादरच्या हॉलमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आला होता. असं टोक एकाच बिंदूचं असतं आणि फोटो दाबला गेला की तेच आधी बोथट होतं. मुलाला मूळ चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितलंय. आलं की काट्याची उंची इथेच खाली लिहितो.